ऑपरेशन्स मॅनेजरचा रेझ्युमे : ‘देखरेख केली’ या ओळींचं काय करायचं?

डिस्पॅच_मृणाल

नमस्कार मंडळी. वितरण केंद्रात ऑपरेशन्स मॅनेजर आहे. ऑर्डरचा माल रॅकवरून काढणारी पिकर म्हणून सुरुवात केली, मग सुपरवायझर, आणि गेली चार वर्षं या पदावर. आता एक पायरी वरच्या पदांसाठी अर्ज करतेय. रेझ्युमे एका ओळखीच्यांना दाखवला. ते म्हणाले, “हे तुमच्या पदाचं वर्णन झालं. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तरी हेच लिहिलं असतं.” बोलणं पटलं. ओळी अशा आहेत:

- दैनंदिन डिस्पॅच कामकाजाची देखरेख
- टीमचे व्यवस्थापन व शिफ्ट नियोजन
- इन्व्हेंटरीची अचूकता राखणे
- वाहतूकदार व व्हेंडर यांच्याशी समन्वय
- केपीआय रिपोर्ट तयार करून वरिष्ठांना सादर करणे

सगळीकडे सांगतात की जबाबदाऱ्या लिहू नका, कामगिरी लिहा, आकडे द्या. मान्य. पण कुठला आकडा, कुठून काढायचा आणि मुलाखतीत तो टिकेल का, हे कोणी सांगत नाही. पहिल्या ओळीसाठी एक प्रयत्न केलाय: “वेळेत डिस्पॅचचे प्रमाण ८१% वरून ९७% वर नेले, उत्पादकता २५% वाढवली.” चालेल का?

---

रेखा_जे

मृणाल, मी भरतीचं काम करते, म्हणून लिहितेय. जॉब डिस्क्रिप्शनमध्ये असे आकडे घालू नका. उमेदवाराकडून काय अपेक्षित आहे आणि तो कोणाला रिपोर्ट करणार, एवढं पुरे. ९७% वगैरे लिहिलंत तर चांगले लोक आधीच बिचकतात. “देखरेख”, “समन्वय” हे शब्द तिथे अगदी योग्य आहेत.

---

डिस्पॅच_मृणाल

रेखाताई, मी भरतीसाठी नाही, माझ्या स्वतःच्या रेझ्युमेसाठी विचारतेय. 🙂 तीच तर अडचण आहे. रुजू होताना जे डिस्क्रिप्शन हातात मिळालं, त्याच ओळी रेझ्युमेत उतरल्यात.

---

रेखा_जे

अच्छा, मग सगळंच उलटं. रेझ्युमे वाचताना मी आधी काय बघते ते सांगते. टक्केवारी मागाहून. आधी कामाचा पसारा बघते: किती माणसं, किती शिफ्ट, रोजच्या ऑर्डर किती, बजेट हातात होतं का. कारण “ऑपरेशन्स मॅनेजर” या नावाखाली आठ जणांची टीम सांभाळणाराही येतो आणि तीनशे जणांची सांभाळणाराही. तुमच्या पाचही ओळी वाचून मला तुम्ही यांतल्या कोण ते कळत नाही.

---

अनिकेत_प

प्रत्येक बुलेटमध्ये टक्केवारी हवीच. सूत्र सोपं आहे: जोरदार क्रियापद + काय केलं + किती टक्के. शिवाय आकडे नसतील तर एटीएस, म्हणजे कंपन्यांचं अर्ज हाताळणारं सॉफ्टवेअर, रेझ्युमे थेट बाहेर काढतं. मी माझ्या सगळ्या बुलेट अशाच केल्या: “कार्यक्षमता ३०% वाढवली”, “समन्वय ४०% सुधारला”, “खर्च १५% कमी केला”. मुलाखतीचे फोन वाढले. मृणाल, तुमची ओळ छान आहे, तशीच ठेवा. फक्त “नेले”च्या जागी “नेतृत्व करून साध्य केले” टाका.

---

गोदामकर

अनिकेत, तुमचं अर्धं बरोबर आहे. क्रियापदाने सुरुवात करणं आणि परिणाम सांगणं, दोन्ही हवं. पण “समन्वय ४०% सुधारला” हे मोजलं कशात? मुलाखत घेणाऱ्याने एवढं एकच विचारलं की तुमच्या उरलेल्या सगळ्या ओळींवरचा त्याचा विश्वास उडतो. एटीएस मुळात अर्ज साठवायला, शोधायला आणि गाळायला असतं. ते तुमच्या बुलेटमधली टक्केवारी मोजून तुम्हाला बाहेर काढतं या समजुतीवर रेझ्युमे लिहू नका. आकडा लिहायचा तो पुढे वाचणाऱ्या माणसासाठी, आणि त्या माणसाने बऱ्याचदा तुमच्यासारखंच काम केलेलं असतं.

मृणालताई, तुमच्या ओळीबद्दल चार प्रश्न. उत्तरं मिळाली की ओळ जवळजवळ आपोआप लिहून होईल.

१. ८१% कुठल्या महिन्याचा आणि ९७% कुठल्या महिन्याचा?
२. त्या दोन वेळांना रोजच्या ऑर्डर किती होत्या आणि माणसं किती, कंत्राटी धरून?
३. एका ऑर्डरमध्ये सरासरी किती लाइन, म्हणजे किती वेगवेगळ्या वस्तू असायच्या, तेव्हा आणि आता?
४. या काळात तुम्ही नेमकं काय बदललंत? आणि तुमचा हात नसलेलं काय बदललं?

---

डिस्पॅच_मृणाल

गोदामकर दादा, आठवड्याच्या रिव्ह्यूच्या जुन्या स्लाइड आणि हजेरीपट बघून लिहिते.

८१% हा मी पद घेतल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या सीझनचा महिना. ९७% मागच्या महिन्याचा, आणि सध्या काम मंद आहे.

ऑर्डर रोज १,४०० होत्या, दोन वर्षांत २,१०० झाल्या. माणसं कंत्राटी धरून ५० होती, ती ६० झाली. म्हणजे माणशी २८ ऑर्डरवरून ३५. उत्पादकतेचे २५% तिथूनच काढले.

लाइनचा आकडा शोधावा लागेल.

बदल असे: आमच्याकडे ऑर्डर ज्या क्रमाने यायच्या त्याच क्रमाने पिकिंगला सुटायच्या. वाहतूकदारांच्या गाड्या मात्र वेगवेगळ्या वेळी निघतात. त्यामुळे संध्याकाळच्या गाडीचा माल सकाळीच पॅक होऊन पडलेला, आणि दुपारच्या गाडीचा अजून रॅकवर. ऑर्डर सोडायचा क्रम मी गाडीच्या कट-ऑफप्रमाणे लावला. दुसरं म्हणजे एकाच नगाच्या ऑर्डरसाठी वेगळं पॅकिंग टेबल केलं, कारण त्या मोठ्या ऑर्डरच्या मागे रांगेत अडकायच्या. तिसरं, आठ जणांची शिफ्ट दोन तास उशिरा सुरू केली, म्हणजे शेवटच्या कट-ऑफच्या आधी टेबलांवर पुरेसे हात राहतात.

माझा हात नसलेला बदल: मध्येच कंपनीने नवीन डब्ल्यूएमएस, म्हणजे गोदामाचं काम चालवणारं सॉफ्टवेअर आणलं. तो निर्णय वरून आला होता.

---

गोदामकर

हे उत्तरच तुमचा रेझ्युमे आहे. तुम्ही लिहिलेल्या ओळीत यातलं काहीच नव्हतं.

आता पहिला मुद्दा. सीझनमधला सगळ्यात वाईट महिना आणि मंदीतला सगळ्यात चांगला महिना समोरासमोर ठेवले की कोणत्याही गोदामाचा आलेख चढता दिसतो. ती तुलना कामाच्या ताणाची झाली, तुमच्या कामाची नाही. एकच तिमाही दोन वेगवेगळ्या वर्षांतली घ्या. आकडा लहान होईल, पण तो तुमचा असेल.

दुसरा मुद्दा लाइनचा. माणशी ऑर्डर २५% वाढल्या म्हणताय. पण ऑर्डर लहान झाल्या असतील तर पिकरचं काम तेवढं वाढलेलंच नसतं. लाइन शोधाच.

---

डिस्पॅच_मृणाल

शोधलं. तेव्हा ऑर्डरमागे ३ लाइन होत्या, आता २.४. म्हणजे १,४०० ऑर्डरच्या ४,२०० लाइन, भागिले ५० माणसं = ८४. आणि २,१०० ऑर्डरच्या ५,०४० लाइन, भागिले ६० = ८४.

तेवढेच!

आणि त्याच तिमाहीची तुलना केली तर वेळेत डिस्पॅच ८७% वरून ९५%.

---

अनिकेत_प

मग लाइनचं कशाला काढायचं? माणशी ऑर्डर २५% वाढल्या हे खोटं तर नाही. तेच लिहा. मुलाखतीत विचारलं तर बघू.

---

गोदामकर

खोटं नाही, पण अपुरं आहे. ताईंच्या पदावर ज्यांची नेमणूक होते त्यांची मुलाखत बहुतेक वेळा एखादा ऑपरेशन्स हेडच घेतो. “उत्पादकता २५%” वाचल्यावर त्याचा पहिला प्रश्न असतो, “ऑर्डर की लाइन?” तिथे अडखळलात तर पुढचा अर्धा तास बचाव करण्यातच जातो.

पण माणशी लाइन तेवढ्याच राहिल्या म्हणून काही झालंच नाही, असंही समजू नका. ऑर्डर लहान झाली की पिकरला तेवढ्याच लाइनसाठी जास्त फेऱ्या माराव्या लागतात. शिवाय खोका, लेबल आणि स्कॅन हे काम ऑर्डरमागे असतं, लाइनमागे नाही. त्या परिस्थितीत माणशी लाइन घसरू न देणं ही कसरतच आहे. फक्त ही गोष्ट एका ओळीत मावत नाही. म्हणून माझं मत असं की “उत्पादकता” हा शब्दच रेझ्युमेतून काढा, आणि हा हिशोब मुलाखतीसाठी तयार ठेवा. तुमच्याकडे त्याहून भक्कम गोष्ट आहे: ऑर्डर ५०% वाढल्या, माणसं २०% वाढली, आणि तरीही वेळेत जाणाऱ्या मालाचं प्रमाण ८७ वरून ९५ झालं.

टक्क्यांचा एक बारकावा. ८७ वरून ९५ म्हणजे “८% वाढ” नव्हे, ८ टक्के अंकांची वाढ. हा घोळ नको असेल तर “८७% वरून ९५%” असे दोन्ही आकडे द्या. आणि उलट्या बाजूनेही बघा: उशिरा जाणाऱ्या ऑर्डर रोज साधारण १८२ होत्या, त्या १०५ झाल्या. ऑर्डर दीडपट होऊनही उशीर चाळीसेक टक्क्यांनी कमी. मला हे जास्त बोलकं वाटतं, कारण प्रत्येक उशिरा गेलेल्या ऑर्डरमागे कोणाचा तरी तक्रारीचा फोन असतो.

---

सचिन_सुविधा

मध्येच माझं विचारतो, माफ करा. मी तीन कार्यालयांच्या इमारतींचं सुविधा व्यवस्थापन बघतो: वीज, एसी, सुरक्षा, साफसफाई. माझ्या कामात यश म्हणजे काहीही घडत नाही. लिफ्ट बंद पडली नाही, वीज गेली तरी कोणाला कळलं नाही. ८७ वरून ९५ असं काही माझ्याकडे नाही, सगळं आधीपासून चांगलंच होतं. मी काय लिहू? “सर्व काही सुरळीत ठेवले”?

---

रेखा_जे

सचिन, “सुरळीत ठेवले” हे वाक्य मी रोज वाचते, आणि त्यातून मला काहीच कळत नाही. सुरळीत ठेवणं कठीण कशामुळे होतं ते लिहा. माणसं वाढली? एखादी इमारत रिकामी करून दुसरीत जावं लागलं? बजेट कापलं गेलं?

---

सचिन_सुविधा

हो, एका इमारतीतून ४०० जण दुसरीकडे हलवले. तीन शनिवार-रविवारांत. सोमवारी सगळे आपापल्या टेबलावर कामाला बसलेले.

---

गोदामकर

सचिनराव, मग तीच तुमची पहिली ओळ! “४०० जणांचे स्थलांतर तीन शनिवार-रविवारांत पूर्ण केले; कामाचा एकही दिवस बुडाला नाही.” यात एकही टक्का नाही आणि गरजही नाही. स्थिर राहणं ही कामगिरी ठरते ती भोवतालची परिस्थिती हलत असताना. परिस्थिती लिहिली नाही, तर स्थिरता आपोआप आलेली वाटते.

मात्र “एकही दिवस बुडाला नाही” हे नक्की खरं आहे ना, ते आधी तपासा. एखाद्या मजल्यावर सोमवारी दुपारपर्यंत नेटवर्क नव्हतं आणि ते कोणाच्या तरी लक्षात आहे, असं असेल तर ती ओळ अडचणीत आणेल.

---

सचिन_सुविधा

एका मीटिंग रूमचं होतं तसं. टेबलांवर मात्र सगळं चालू होतं. मग “सोमवारी सकाळी सर्व ४०० जण कामावर” असं लिहितो, ते पक्कं आहे. आभार.

---

प्राची_न

मृणाल, एक शंका. रोजच्या २,१०० ऑर्डर, ६० माणसं, हे कंपनीचे आतले आकडे झाले ना? माझ्या आधीच्या कंपनीच्या करारात असं काही बाहेर सांगायला सक्त मनाई होती. आणि तुम्ही स्लाइड बघून आकडे काढलेत, त्या घरी तर आणल्या नाहीत ना?

---

डिस्पॅच_मृणाल

नाही नाही, ऑफिसमध्येच बघितल्या. वहीत फक्त गोळाबेरीज लिहून आणली.

---

गोदामकर

प्राचीताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. स्लाइड, एक्सेल, मेल यातलं काही स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. नोकरी सोडताना कोणी तपासलं तर कितीही चांगला रेझ्युमे वाचवणार नाही. करार आधी वाचा. ऑर्डरचे थेट आकडे उघड करता येत नसतील तर प्रमाण द्या: “ऑर्डर दीडपट”, “माणसांत २०% वाढ”. माणसांचा आकडा गोल करून द्या. खर्च, ग्राहकांची नावं आणि दर यांपासून तर लांबच राहा.

ज्यांच्याकडे जुने आकडे कुठेच नोंदलेले नाहीत त्यांच्यासाठीही एक सांगतो. ऑपरेशन्समध्ये खूण कुठे ना कुठे राहतेच. ओव्हरटाइमचे तास पगारपत्रकात असतात, गाडी कधी सुटली ते गेटच्या रजिस्टरमध्ये असतं, काय अडलं ते शिफ्ट हँडओव्हरच्या वहीत असतं. त्यातले दोन-तीन आठवडे चाळले तरी अंदाज बांधता येतो. मग “सुमारे” लिहा आणि तो कसा काढला ते लक्षात ठेवा. “सुमारे” लिहिल्याने आकडा कमजोर होत नाही. तो कुठून आला ते सांगता आलं नाही की होतो.

---

अनिकेत_प

ओव्हरटाइमवरून आठवलं. वेळेत डिस्पॅच वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे सगळ्यांना दोन तास जास्त थांबवणं. 😀 मृणालताईंनी तसं केलं असेल असं नाही म्हणत, पण विचारतील.

---

गोदामकर

अनिकेत, हा अगदी नेमका प्रश्न आहे. मृणालताई, ओव्हरटाइम बघून ठेवाच. एक आकडा सुधारताना दुसरा कुठला बिघडला का, हे वरच्या पदासाठी घेणारा माणूस हमखास तपासतो.

---

डिस्पॅच_मृणाल

पगार विभागाकडून घेतला. महिन्याला साधारण ४०० तास होते, ते ५२० झाले. म्हणजे ३०% वाढले.

---

गोदामकर

ऑर्डर ५०% वाढल्या, ओव्हरटाइम ३०%. ऑर्डरमागे ओव्हरटाइम कमीच झाला, पण एकूण वाढला. रेझ्युमेत लिहू नका. विचारलं तर दोन्ही बाजू एका दमात सांगा. फक्त “ऑर्डरमागे कमी झाला” एवढंच सांगून थांबलात तर पुढचा माणूस एकूण किती ते विचारणारच.

आता उरला डब्ल्यूएमएस. तो कधी आला? आणि त्याच्या आदल्या आठवड्यांत प्रमाण किती होतं?

---

डिस्पॅच_मृणाल

माझे तिन्ही बदल आधीचे. ते करून झाल्यावर, डब्ल्यूएमएस यायच्या आधी, ९२% होतं. डब्ल्यूएमएस आल्यावर पहिले काही आठवडे ते घसरून ८५ च्या आसपास आलं, मग चढत ९५ ला स्थिरावलं.

---

गोदामकर

म्हणजे ८७ ते ९२ हा भाग निर्विवाद तुमचा, पुढचा वाटून घेण्याचा. मी असतो तर लिहिलं असतं: “पिकिंगचा क्रम वाहतूकदारांच्या कट-ऑफप्रमाणे लावून वेळेत डिस्पॅच ८७% वरून ९२% वर नेला.” आणि डब्ल्यूएमएससाठी वेगळी ओळ. तिथे तुमचं काम काय होतं?

---

डिस्पॅच_मृणाल

दोन्ही शिफ्टचं प्रशिक्षण, आणि घसरण झाली तेव्हा रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या बैठक घेऊन काय अडतंय ते टिपून आयटीकडे पाठवणं. सहा आठवड्यांत ९२ वर परत आलो.

---

रेखा_जे

मी गोदामकरांशी इथे सहमत नाही. रेझ्युमे वरवर वाचला जातो. ८७ वरून ९५ ही एकच स्वच्छ ओळ डोळ्यांत भरते. दोन ओळींत तुकडे केले तर दोन्ही लहान दिसतात. शेवटी केंद्राची जबाबदारी मृणालची होती. डब्ल्यूएमएस वरून आलं तरी ते प्रत्यक्ष गोदामात चालवून दाखवलं कोणी? मॅनेजर आपल्या केंद्राचा निकाल लिहितोच. डब्ल्यूएमएसचा भाग मुलाखतीत सांगावा.

---

गोदामकर

रेखाताई, भरतीच्या बाजूने तुमचं म्हणणं समजतं. पण मी समोर बसून मुलाखती घेतो तेव्हा “नवीन सिस्टिम आली होती का?” हे विचारतोच, कारण त्या काळात बऱ्याच ठिकाणी अशी उडी दिसते. उमेदवाराने आधीच वेगळं करून लिहिलं असेल तर मला तो कार्यकारण समजणारा माणूस वाटतो. शिवाय सिस्टिम बदलातली घसरण सहा आठवड्यांत भरून काढली ही ओळ वरच्या पदासाठी पहिलीपेक्षाही मोलाची आहे. वरच्या पदावर असे बदल सारखे पेलावे लागतात.

---

रेखा_जे

घसरण झाली हे रेझ्युमेत लिहायचं? मी तर नाही लिहू देणार.

---

अनिकेत_प

मी रेखाताईंच्या बाजूने. “नेतृत्व करून ८७ वरून ९५”. संपलं.

---

प्राची_न

मी गोदामकरांच्या. पण “नेतृत्व केले”पेक्षा नेमकं काय केलं ते क्रियापद चांगलं. “लावला”, “वेगळे केले”, “प्रशिक्षण दिले”. नेतृत्व कोणीही लिहितं.

---

डिस्पॅच_मृणाल

यावर रात्री विचार करते. तोवर इन्व्हेंटरीची ओळ: “इन्व्हेंटरी अचूकता ९९.८% राखली.” हा आकडा महिन्याच्या रिपोर्टमध्येच छापलेला असतो, म्हणून पक्का आहे.

---

गोदामकर

छापलेला आहे म्हणून पक्का नाही. तो बहुतेक किमतीवर काढलेला निव्वळ फरक असणार. रॅकवरच्या एका लोकेशनला दहा नग जास्त आणि दुसऱ्याला तेवढ्याच किमतीचे दहा कमी निघाले तर फरक शून्य, आणि अचूकता १००%. पिकर मात्र कमी असलेल्या ठिकाणी रिकाम्या हाताने उभा. सायकल काउंटमध्ये, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मोजणीत, मोजलेल्या लोकेशनपैकी किती तंतोतंत जुळली, ते बघा. तो आकडा कमी असेल, पण माल हाताळणारा माणूस त्यालाच मानतो.

---

डिस्पॅच_मृणाल

बरोबर ओळखलंत. मोजलेल्या लोकेशनपैकी ९४% जुळायची, आता ९७.५%. ज्या लोकेशनला पिकिंग सगळ्यात जास्त, ती दर आठवड्याला मोजायला लावली. आधी सगळी महिन्यातून एकदा मोजायचो.

टीमच्या ओळीचं काय करू? गळती वगैरे टक्केवारी काढू?

---

गोदामकर

कंत्राटी माणसं मिसळलेली असताना गळतीचा आकडा कोणी मानत नाही, सोडून द्या. तुमच्या हाताखालून वर कोण गेलं?

---

डिस्पॅच_मृणाल

चार सुपरवायझर थेट मला रिपोर्ट करतात. त्यातले दोघं माझ्याच काळात पिकरचे सुपरवायझर झाले. मीही तशीच वर आले, म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम वेळ दिला.

---

गोदामकर

मग तेच. “दोन पिकरना सुपरवायझर पदापर्यंत तयार केले.” “५०% सुपरवायझर अंतर्गत बढतीने” असं करू नका. चारांतल्या दोघांची टक्केवारी काढली की ओळ फुगवल्यासारखी दिसते. लहान संख्या तशीच लिहावी.

व्हेंडर समन्वय आणि केपीआय रिपोर्ट या ओळी काढून टाका. केपीआय तुम्ही वापरलेत हे वरच्या ओळींत दिसतंच.

---

सचिन_सुविधा

वाहतूकदारांची ओळ काढू नये असं मला वाटतं. गाड्यांच्या वेळा तुम्ही बदलून घेतल्या असतील तर ते मोठं काम आहे. बाहेरच्या कंपनीला वेळ बदलायला लावणं किती अवघड असतं ते मी रोज बघतो.

---

डिस्पॅच_मृणाल

सचिन, एका वाहतूकदाराची शेवटची गाडी ४५ मिनिटं पुढे ढकलून घेतली होती खरी. पण त्याने किती फरक पडला ते वेगळं काढता येत नाही, शिफ्टच्या बदलाच्याच आठवड्यात झालं ते.

आत्तापर्यंतचं असं झालंय. पसारा पदाच्या नावाखाली एकदाच लिहिला, दर ओळीत नाही:

ऑपरेशन्स मॅनेजर, वितरण केंद्र
दोन शिफ्ट, सुमारे ६० जण (४ सुपरवायझर थेट अखत्यारीत). दोन वर्षांत रोजच्या ऑर्डर दीडपट, मनुष्यबळ २०% जास्त.

- पिकिंगचा क्रम वाहतूकदारांच्या कट-ऑफप्रमाणे लावला, एक-नगी ऑर्डरसाठी वेगळे पॅकिंग टेबल सुरू केले आणि शिफ्टच्या वेळा बदलल्या. वेळेत डिस्पॅच ८७% वरून ९२%.
- नवीन डब्ल्यूएमएससाठी दोन्ही शिफ्टना प्रशिक्षण दिले. सहा आठवड्यांत पूर्वीची पातळी गाठली, त्यानंतर वेळेत डिस्पॅच ९५% वर स्थिर.
- सर्वाधिक पिकिंगच्या लोकेशनची मोजणी महिन्याऐवजी दर आठवड्याला सुरू केली. तंतोतंत जुळणारी लोकेशन ९४% वरून ९७.५%.
- दोन पिकरना सुपरवायझर पदापर्यंत तयार केले.

रेखाताई, “घसरण” हा शब्द टाळलाय, पण लपवलेलंही नाही.

---

रेखा_जे

“पूर्वीची पातळी गाठली” यातून मला तरी घसरणच दिसते. 🙂 पण वाचायला ओळ चांगली झालीय. माझ्याकडे आलं असतं तर मी फोन केला असता. मी फक्त ८७ वरून ९५ हे पसाऱ्याच्या ओळीतही घातलं असतं, म्हणजे घाईत वाचणाऱ्यालाही दिसेल.

---

गोदामकर

ते चालेल, पसाऱ्याची ओळ केंद्राबद्दल आहे, तिथे केंद्राचा निकाल शोभतो. तिसऱ्या ओळीबद्दल एक शंका: आठवड्याला मोजायला लागल्यावर मोजणीत जास्त पिकिंगच्या लोकेशनचा वाटा वाढला असणार. ९४ आणि ९७.५ हे एकाच प्रकारच्या लोकेशनचे आहेत का? नसतील तर ती तुलना पुन्हा करावी लागेल.

---

डिस्पॅच_मृणाल

अरेच्चा, नाहीत. आधीचा सगळ्या लोकेशनचा आहे, आताच्यात जास्त चालणारी जास्त वेळा येतात. दोन्ही वेळच्या फक्त जास्त पिकिंगच्या लोकेशनचे आकडे सोमवारी काढते. तोवर ती ओळ आकड्याशिवाय ठेवते.